वजा तीन वजा पाच

ज्यांना 'नाही' म्हणायचं, त्यांच्याच दुकानातून आमचा महिन्याचा किराणा येतो. तोही उधारीवर. शिवाय ते शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य. त्यामुळे शेट दोन किलो शेंगदाणे घेऊन दारात उभे राहिले, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

"मॅडम, पोराला तेवढं गणित घरी शिकवा. फीचं तुम्ही बोलाल तसं."

मी आधी वेळ नसल्याचं सांगितलं. ही चूकच. "मग रविवारी," ते म्हणाले. घर लहान आहे म्हटलं. "आमच्या माडीवर या." एकेक सबब सांगावी आणि शेटनी त्यावर सवलत जाहीर करावी, असं चाललं होतं. शेवटी मी कायद्यामागे लपले.

"शेट, शिक्षण हक्क कायदा, २००९. कलम २८. शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला बंदी आहे. तुम्हाला नाही म्हणत नाही हो, कोणालाच हो म्हणता येत नाही."

हे वाक्य मी आरशासमोर बसवलं होतं. शेट शेंगदाण्यांसकट परत गेले. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते शाळेतच हजर. भाचा वकिली शिकतो. "मॅडम, कलम २४ पण आहे म्हणे. पोराला गरज असेल तर जादा शिकवणं हे शिक्षकाचंच काम. म्हणजे फुकटच की!"

आता कलमाला कलम लागलं. त्यांचं म्हणणं खरंही होतं. मग ठरलं: परिपाठाआधी वीस मिनिटं, शाळेतच, ज्याला अडेल त्या प्रत्येकासाठी. शेंगदाणे मात्र नाहीत. "प्रसाद म्हणून?" "प्रसाद म्हणूनही नाही."

पोराची अडचण काही मोठी नव्हती. सातवीतला मुलगा, वजा तीन वजा पाच बरोबर अधिक आठ लिहायचा. "वजा वजा अधिक, बाईंनीच सांगितलंय." सांगितलं होतं, पण गुणाकाराला. पोरानं तो नियम दिसेल तिथं चिकटवला होता. मी संख्यारेषा काढली, शून्याच्या डावीकडं उड्या मारून दाखवल्या, तो जांभया देत राहिला. मग विचारलं, "दुकानात एकाची तीन रुपये उधारी आहे. त्यानं आणखी पाचचा माल उधार नेला. तर?"

"आठ उधारी," तो ताडकन म्हणाला.

"मग तो आठ रुपयांनी श्रीमंत झाला का?"

पोरगं वहीकडं बघत राहिलं. मग त्यानं अधिकाची उभी रेघ स्वतःच खोडली.

शनिवारी साखर आणायला गेले. दुकानात चांगली गर्दी, गल्ल्यावर चिरंजीव. मला बघून त्यानं उधारीची वही उघडली आणि परिपाठाच्या आवाजात म्हणाला, "बाई, तुमचे वजा चारशे तीस, आजचे वजा दोनशे दहा. म्हणजे वजा सहाशे चाळीस. बरोबर आलं ना?"

शेट खाली मान घालून डाळ मोजू लागले. सगळं गिऱ्हाईक माझ्याकडं बघत होतं.

"बरोबर," मी म्हणाले, आणि पर्स उघडली.