दहा मिनिटांच्या एसीत २० टक्के बॅटरी जात नाही

"ईव्हीवाल्यांनो सावधान! गाडीत बसण्याआधी मोबाइलवरून एसी लावला तर १० मिनिटांत २० टक्के बॅटरी जाते. चार्जिंगला असताना लावला तर सॉकेट पेटतं. रोज लावलात तर दोन वर्षांत बॅटरी बाद. सर्वांना पाठवा."

हे वाचून मावशी भर उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत तशाच बसू लागल्या आहेत, म्हणून हिशोबच मांडतो.

३० युनिटची बॅटरी धरा. तिचे २० टक्के म्हणजे ६ युनिट. ती १० मिनिटांत संपवायला एसीने सलग ३६ किलोवॉट ओढायला हवेत. एवढ्या विजेत घरातले दीड टनाचे वीसेक एसी चालतील! गाडीचा कॉम्प्रेसर तापलेली केबिन गार करताना सुरुवातीला ३ किलोवॉटच्या आसपास घेतो, गारवा आला की पुष्कळ कमी. तरी पूर्ण १० मिनिटं ३ किलोवॉट धरले, तर खर्च अर्धा युनिट होतो. म्हणजे पावणेदोन टक्के, किंवा तीन-साडेतीन किलोमीटर. तोही सगळा जादा नव्हे, कारण गाडीत बसल्यावर एसी लावलात तरी तीच उष्णता त्याच बॅटरीला बाहेर काढावी लागते.

गाडी चार्जरला असेल तर हा खर्चही बहुतांशी भिंतीतल्या विजेवर जातो. अमेरिकेचं ऊर्जा खातं तर रेंज वाढवायला हेच सांगतं: प्लग काढण्याआधी केबिन गार किंवा गरम करून घ्या. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर एसी लागला की चार्जिंग मंदावतं, कधी आकडा जागचा हलत नाही. ती वीज कुठे गेली म्हणून घाबरू नका, एसीने घेतली.

सॉकेट पेटतं ते सैल पिन आणि बारीक वायरमुळे. एसी लावला म्हणून चार्जर आपल्या मर्यादेबाहेर वीज ओढत नाही. प्लग हाताला चटका देत असेल तर एसी नसतानाही चार्जिंग थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आयुष्याचं म्हणाल, तर हायवेवर हीच बॅटरी १५ किलोवॉट आणि जास्तही सहज देते. तिथे तीनाने काय होणार? तिला झिजवते ती उष्णता, आणि १०० टक्के भरून उन्हात दिवस काढणं.

एक गोष्ट मान्य करतो. प्लग नाही, बॅटरी १५ टक्क्यांवर आहे आणि एसी अर्धा तास चालू ठेवलात, तर ते किलोमीटर खरंच अंगाशी येतील. कडाक्याच्या थंडीत, कॅनडा-नॉर्वेकडे, साधा हीटर ५ किलोवॉटही घेतो, तिथे प्लग लावूनच गरम करा.

मावशींसाठी एवढंच: निघण्याआधी ७-८ मिनिटं, तापमान २४-२५, प्लग सगळ्यात शेवटी काढायचा. गाडी उन्हात उभी असेल तर आधी मिनिटभर काचा खाली करा, आतली भट्टीसारखी हवा फुकटात बाहेर जाते. बेसमेंटमध्ये गाडीच्या सिमला रेंज नसेल तर ॲपवरून एसी लागणारच नाही, तेव्हा बटण दाबत बसू नका.