रिटेल रेट कसा चढत जातो: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

प्रतिक्रिया: “लेख वाचला, पटला नाही. प्रत्येक थरावर कुणीतरी पैसे घेतंय म्हणता, पण माझ्या ब्रोकरच्या रॉ अकाउंटवर युरो-डॉलरचा स्प्रेड ०.४ पिपच दिसतो. म्हणजे मला इंटरबँकचाच रेट मिळतोय ना? थर असतील तर आकड्यात दाखवा, नाहीतर उगाच लोकांना घाबरवू नका.”

०.४ पिपचा स्प्रेड, म्हणजे घ्यायच्या आणि विकायच्या भावातलं अंतर, खरा असू शकतो, तुमचा ब्रोकर तिथे खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. फक्त तो आकडा इंटरबँकचा, म्हणजे बँका आपापसात लावतात तो रेट नाहीये, आणि हे समजायला आधी एक गोष्ट डोक्यातून काढायला लागेल, ती म्हणजे वर कुठेतरी सगळ्यांसाठी एकच भाव चालू असतो आणि तो खाली येता येता बिघडतो ही कल्पना. शेअर बाजारात एक एक्सचेंज असतं, मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभं असतं, त्यामुळे समोर कोण आहे याने तुम्हाला फरक पडत नाही. स्पॉट फॉरेक्समधे तसं मधे कुणी नाही. एका बँकेने दुसरीला युरो विकले की साधारण दोन कामाच्या दिवसांनी पैसे हलतात, आणि तोवर समोरची बँक बुडाली तर नुकसान आपलं. १९७४ च्या जूनमधे जर्मनीत हेरस्टॅट बँक बंद पडली तेव्हा हेच झालं, समोरच्यांनी मार्क देऊन टाकले होते आणि न्यूयॉर्कमधे डॉलर मिळायचे बाकी होते. म्हणून प्रत्येक बँक दुसऱ्या प्रत्येक बँकेसाठी एक क्रेडिट लाइन ठरवते, ह्याच्याशी इतक्यापर्यंत व्यवहार, त्याच्यापुढे नाही.

आता याचा भावाशी संबंध बघा. ईबीएस हा बँकांचा आपापसातला मुख्य प्लॅटफॉर्म, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आधी मार्कचा, मग युरोचा, आणि येनचा मोठा व्यवहार तिथे चालत आलाय, पाउंड आणि ऑस्ट्रेलियन डॉलर जास्त करून पूर्वी रॉयटर्सच्या असलेल्या प्लॅटफॉर्मवर. ईबीएसच्या स्क्रीनवर डीलरला दोन वेगळे भाव दिसू शकतात, एक बाजारातला सगळ्यात चांगला, आणि दुसरा त्याच्या बँकेला प्रत्यक्षात मिळू शकेल असा सगळ्यात चांगला. पहिला भाव ज्याने लावलाय त्याच्याशी क्रेडिट लाइन नसेल तर तो नुसता बघायचा. म्हणजे खुद्द इंटरबँकमधे बसलेल्या दोन बँकांना त्याच सेकंदाला वेगळा भाव मिळतो! शिवाय तिथला सौदा दहा लाख युरोपासून सुरू होतो, आपला एक लॉट म्हणजे एक लाख.

थर तयार होतात ते या क्रेडिटमुळे. ब्रोकरला मोठ्या बँका थेट लाइन देत नाहीत, त्याला प्राइम ब्रोकर लागतो, म्हणजे अशी बँक जिच्या नावावर तो इतरांशी सौदे करतो आणि जी त्याच्या मागे उभी राहते. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची मर्यादा अचानक काढली, ग्राहकांची खाती मायनसमधे गेली आणि एफएक्ससीएम या रिटेल ब्रोकरचं ग्राहकांकडून सुमारे २२.५ कोटी डॉलर येणं राहिलं. त्यानंतर प्राइम ब्रोकर बँकांनी अटी इतक्या कडक केल्या की लहान ब्रोकर त्यात बसेनात, मग मधे अजून एक थर जाड झाला, प्राइम ऑफ प्राइम. तो एका मोठ्या बँकेकडे प्राइम ब्रोकरेज घेतो आणि ते पुढे लहान ब्रोकरना वापरायला देतो. तो जे घेतो ते मुख्यतः त्याच्या भांडवलाचं आणि जोखमीचं भाडं आहे, आणि माझ्या मते ते रास्त आहे, लपवलं नाही तर.

आता तुम्ही मागितलेले आकडे. मी साधे घेतलेत, कुठल्या विशिष्ट कंपनीचे नाहीत.

समजा त्या क्षणी तीन लिक्विडिटी प्रोव्हायडर, म्हणजे घ्यायचा आणि विकायचा भाव लावणाऱ्या बँका किंवा कंपन्या (पुढे एलपी म्हणतो), भाव देतायत. पहिला १.०८४९९ ला घेतोय आणि १.०८५०३ ला विकतोय. दुसऱ्याला युरो हवेत म्हणून त्याने दोन्ही बाजू थोड्या वर सरकवल्या, १.०८५०० आणि १.०८५०४. तिसऱ्याकडे युरो जास्त झालेत, त्याला विकायचेत, म्हणून तो खाली, १.०८४९८ आणि १.०८५०२. पिप म्हणजे भावातला चौथा दशांश अंक, त्यामुळे प्रत्येकाचा स्प्रेड ०.४ पिप. पण प्राइम ऑफ प्राइमकडचा अ‍ॅग्रिगेटर काय करतो, घ्यायचा सगळ्यात चांगला भाव एकाकडून उचलतो आणि विकायचा दुसऱ्याकडून, म्हणजे १.०८५०० आणि १.०८५०२, स्प्रेड ०.२ पिप! यातला एकही एलपी ०.२ च्या स्प्रेडने धंदा करत नाहीये, तो आकडा फक्त दोघांचे भाव शेजारी ठेवल्याने तयार झालाय. एलपी वाढले की तो शून्यापर्यंतही जातो. म्हणून बारीक स्प्रेड दिसला की मी लगेच खूश होत नाही, तो किती जण भाव देतायत हे सांगतो, तुम्हाला शेवटी काय पडेल ते नाही.

यावर प्राइम ऑफ प्राइम दोन्ही बाजूंना ०.१ पिप लावतो, झाले १.०८४९९ आणि १.०८५०३. त्यातूनच त्याची प्राइम ब्रोकर बँकेची फी जाते. तुमचा ०.४ बहुतेक इथला आहे, म्हणजे एक थर आधीच चढलेला. मग ब्रोकर स्टँडर्ड अकाउंटला दोन्हीकडे अजून ०.४ लावतो आणि ग्राहकाला दिसतं १.०८४९५ आणि १.०८५०७.

तुम्ही एक लॉट विकत घेतला. मधला भाव १.०८५०१, तुम्ही दिले १.०८५०७, फरक ०.६ पिप, आणि एका लॉटला एक पिप म्हणजे दहा डॉलर, तर सहा डॉलर गेले. त्यातला एक डॉलर एलपीचा, एक प्राइम ऑफ प्राइमचा, चार ब्रोकरचे. परत विकताना तेवढेच अजून. रॉ अकाउंटवर तुम्हाला १.०८५०३ मिळेल, म्हणजे दोन डॉलर, आणि वर कमिशन, समजा एका बाजूला साडेतीन डॉलर, एकूण साडेपाच. म्हणजे तिथेही ब्रोकर चारच्या जागी साडेतीन घेतोच आहे, फक्त ते वेगळ्या ओळीत लिहिलंय. दोन्ही अकाउंटमधला फरक एका बाजूला अर्धा डॉलर.

आणि हा अर्धा डॉलर टिकतो का, खरा प्रश्न हा आहे, यावर मूळ लेखापेक्षा जास्त लिहायला हवं असं मलाही वाटतंय. एलपी जे भाव पाठवतो ते बहुतेक वेळा पक्के नसतात. तुमची ऑर्डर त्याच्यापर्यंत पोचली की काही मिलिसेकंद तो थांबतो, तेवढ्यात बाजार हलला तर नाही म्हणू शकतो. याला लास्ट लुक म्हणतात, आणि २०१७ च्या एफएक्स ग्लोबल कोडमधलं १७ वं तत्त्व याच्यावरच आहे, त्यात वापरणाऱ्याने ते कसं वापरतो हे उघड सांगावं असं म्हटलंय. आता नाही म्हटलं जातं कधी, तर भाव तुमच्या दिशेने पळत असतो तेव्हा, कारण तेव्हाच एलपीला जुन्या भावाने देणं महाग पडतं. मग अ‍ॅग्रिगेटर पुढच्या एलपीकडे जातो आणि तुम्हाला वाईट भाव मिळतो. समजा तुमच्या वीस ऑर्डरपैकी चार अशा परतल्या आणि प्रत्येक ०.६ पिप वाईट भरली गेली. एकूण २.४ पिप, वीसवर वाटले तर ०.१२ पिप, म्हणजे लॉटमागे एक डॉलर वीस सेंट. साडेपाचचे झाले सहा डॉलर सत्तर. स्क्रीनवर ०.४ च दिसत राहिलं, पण स्टँडर्डवर अशा ऑर्डर परतल्या नसतील तर ते अकाउंट स्वस्त पडलं!

अजून एक, तुमची ऑर्डर या सगळ्या साखळीतून वर जातेच असं नाही. बरेच ब्रोकर लहान ऑर्डर स्वतःकडेच धरतात, वरच्या फीडचा उपयोग फक्त भाव दाखवायला. यात आपोआप फसवणूक होत नाही, मोठ्या बँकाही ग्राहकांचे उलटसुलट सौदे स्वतःच्या पुस्तकातच जुळवतात आणि उरलेलंच बाहेर नेतात. पण तुमचा करार ब्रोकरशी आहे, कुठल्या बँकेशी नाही, त्यामुळे ‘डायरेक्ट इंटरबँक’ असं कुणी लिहिलं की त्याला विचारावं, सौद्यात माझ्यासमोर नाव कुणाचं?

तपासायचं कसं, तर स्प्रेड मोजून काही कळत नाही. ब्रोकर स्प्रेड तेवढाच ठेवून दोन्ही भाव वर सरकवू शकतो, म्हणजे घेणाऱ्याला महाग आणि स्प्रेड तसाच. त्यामुळे मधला भाव काढा आणि त्याच सेकंदाच्या दुसऱ्या एखाद्या फीडच्या मधल्या भावाशी ताडून बघा. एखाद्या टिकचा फरक काहीच नाही, पण तुम्ही घेताना नेहमी वर आणि विकताना नेहमी खाली असेल तर काहीतरी आहे. दुसरं, ट्रेड हिस्टरी एक्सपोर्ट करा आणि मार्केट ऑर्डर पाठवली तेव्हाचा भाव आणि मिळालेला भाव यातला फरक अधिक-उणे चिन्हासकट मांडा. बाजार दोन्हीकडे हलतो, त्यामुळे काही ऑर्डर मागितल्यापेक्षा चांगल्या भरल्या गेल्याच पाहिजेत. सगळ्या एकाच बाजूला वाईट असतील तर चांगला फरक कुणीतरी ठेवून घेतंय. अमेरिकेत २०११ मधे एफएक्ससीएमवर कारवाई झाली ती याच मुद्द्यावर, भाव ग्राहकाच्या फायद्याचा झाला की तो ग्राहकापर्यंत पोचत नव्हता. हे करताना न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचच्या आसपासचे सौदे वेगळे काढा, तेव्हा दिवस बदलतो, बरेच एलपी बाजूला होतात आणि स्प्रेड सगळीकडेच फुगतो, त्याचा दोष ब्रोकरला देऊ नका.

तुमचा रॉ अकाउंट बरोबर की नाही हे मी इथून सांगू शकत नाही, पण वरच्या उदाहरणातल्यासारखे चार्ज असतील तर हिशोब सोपा आहे. दोन्ही अकाउंटमधला फरक एका बाजूला ०.०५ पिप. रॉ वरचं सरासरी स्लिपेज, म्हणजे मागितल्यापेक्षा भाव जेवढा वाईट मिळाला ते, स्टँडर्डपेक्षा याहून जास्त निघालं तर बदला, कमी निघालं तर आहे तेच ठेवा. दहा-वीस सौद्यांवर मात्र ठरवू नका, एका बातमीच्या दिवसाने एवढी छोटी सरासरी पार बिघडते, शे-दोनशे सौदे होऊ द्या.