नमस्कार, माझं कार्ड मीच बंद केलं

माझं कार्ड कालपासून बंद आहे. हरवलेलं नाही, चोरीलाही गेलेलं नाही, पाकिटात सुखरूप पडून आहे. बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून ते मी स्वतःच्या तोंडाने बंद करवून घेतलं.

झालं होतं एवढंच, की वीजबिल भरताना पैसे दोनदा कापले गेले. फोन लावला तेव्हा शेजारी काका होते. काकांचं ठाम मत, की फोन लागल्या लागल्या रडगाणं सुरू करू नये. समोरही माणूस असतो, आधी दोन शब्द आपुलकीचे बोलावेत. काकांचे दोन शब्द मोजायला बसलात तर संध्याकाळ होते, हे मला ठाऊक होतं. तरी मी स्पीकर चालू केला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

काका माझ्या आधी फोनवर वाकले. "नमस्कार बाळ. दमली असशील ना? किती वाजल्यापासून बसली आहेस?"

पलीकडे शांतता. तिच्या समोरच्या यादीत हा प्रश्न नसावा.

"सर, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

"अगं, गैरसोय कसली! आवाज बसलाय तुझा. गुळण्या करतेस का?"

"माहितीबद्दल धन्यवाद सर. आपली तक्रार कोणत्या खात्याविषयी आहे?"

"खात्याकडे येतोच. हा आमचा पुतण्या तसा हुशार आहे, पण यंत्रांपुढे गांगरतो. लहानपणी पंख्याचं बटण..."

पंखा फिरायच्या आत मी फोन हिसकावला. पण काकांची लागण मलाही झाली असावी. बिल कधी आलं, नेट कसं अडकलं, पडद्यावरचं चक्र किती वेळ गरगरत होतं, सगळं सांगितलं. शेवटी जीव तोडून म्हणालो, "ही चक्क फसवणूक आहे हो!"

चार मिनिटांच्या माझ्या भाषणात तिच्या कामाचा शब्द एवढाच निघाला. तिने नाव, जन्मतारीख आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे विचारले. मग अतिशय काळजीच्या सुरात म्हणाली, "सर, आपल्या सुरक्षिततेसाठी कार्ड लगेच बंद करू का?"

"कर बाळ, कर," काका म्हणाले.

"खातेदारांनी हो म्हणावं लागेल, सर."

रागाच्या भरात खातेदार हो म्हणाला.

असं कायमचं बंद केलेलं कार्ड परत चालू होत नाही, नवं मागवावं लागतं. ते मी मागवलंय. दोनदा कापलेल्या पैशांची मात्र तक्रार अजून नोंदलेलीच नव्हती.

माझा एक मित्र काही वर्षं अशाच फोनांवर बसायचा. त्याला हे सांगितलं तर तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, ओळख पटेपर्यंत त्या मुलीला तुझं खातं उघडून पाहताच येत नाही. म्हणजे माझी कथा ती कोऱ्या पडद्याकडे बघत ऐकत होती! वर, तक्रार कोणत्या प्रकारची हे ती तुझ्याच शब्दांवरून ठरवते. 'दोनदा कापले' म्हटलंस की ती व्यवहाराची तक्रार, पैसे परत मिळण्याच्या वाटेला लागते. 'फसवणूक' म्हटलंस की दुसऱ्याने कुणी तुझ्या खात्यात हात घातला असं धरतात, आणि पहिलं काम कार्ड बंद करण्याचं. म्हणजे तिचं काही चुकलं नाही. हे कळल्यावर मला जास्तच राग आला; निदान रागवायला तरी कुणी हवं होतं.

त्याने मला एक सुरुवात घोकून दिली: "नमस्कार. माझ्या बचत खात्यातून तीन तारखेला एकाच वीजबिलाचे पैसे दोनदा कापले गेलेत, एक रक्कम परत हवी आहे." यानंतर गप्प बसायचं, म्हणजे ती ओळख पटवायला मोकळी. पिन आणि ओटीपी कुणी कितीही गोड मागितले तरी द्यायचे नाहीत. फोन ठेवण्याआधी तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा, नाहीतर पुढच्या फोनला कथा पुन्हा पहिल्यापासून. नमस्कार मात्र ठेव, म्हणाला. दिवसभर शिव्या ऐकणाऱ्याला तेवढाच बरा वाटतो. म्हणजे काका एका शब्दापुरते बरोबर होते. हे मी त्यांना सांगणार नाही.

आज सकाळी काका फिरायला गेल्यावर फोन लावला. लागताच स्वच्छ आवाजात, एका दमात ते वाक्य म्हटलं. नमस्कारासकट. जमलं! पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "भाषा निवडण्यासाठी एक दाबा."

टेप होती. खरा माणूस भेटेपर्यंत अठरा मिनिटं बासरी ऐकली, आणि तो "नमस्कार" म्हणाला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "दमला असाल ना?"