बेंच अडकला की आधी डबा घ्यायचाच का?

आज जिममध्ये डोकंच फिरलं. एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं, बेंच प्रेसचं वजन पुढे सरकेना, बेंच अडकलाय म्हणून ट्रेनरला विचारायला गेलं, तर ट्रेनरने काय करावं? झोपतोस किती, खातोस काय, आठवड्यात बेंच कितीदा मारतोस, एक प्रश्न नाही. थेट क्रिएटिनचा डबा हातात. अरे, त्याची वही तरी बघायचीस!

माझ्या भाच्याचं सेम झालं होतं. वजन ६८ किलो, बेंच ७० किलोवर तीन रेप आणि चौथा छातीवरच बसायचा, कितीतरी महिने. त्यालाही डबाच हवा होता. मी म्हटलं, आधी सांग दिवसभर काय करतोस. तर रात्री दीडला झोपणार, सहाला उठणार, सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, आणि बेंच फक्त सोमवारी, तेही दर वेळी ७० लावून पार दम निघेपर्यंत. म्हणजे दर सोमवारी नुसती परीक्षा, अभ्यास कधीच नाही! ताकद वाढणार कुठून?

एक आठवडा हलकं घ्यायला लावलं. मग सोमवारी ६० किलोवर पाच रेपचे चार सेट, प्रत्येक सेटला दोन रेप शिल्लक ठेवून थांबायचं. गुरुवारी ५० वर आठचे तीन. सगळे रेप नीट निघाले तरच पुढच्या सोमवारी दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट. ६७.५ ला शेवटच्या सेटला चौथ्या रेपवर ढुंगण बेंचवरून उचलायला लागला, तेव्हा वजन तेवढंच ठेवून पुढच्या आठवड्यात परत तेच केलं.

खाण्यात प्रोटीन दिवसाला साधारण ११० ग्रॅम, म्हणजे किलोमागे १.६. ताईने बिचारीने कुरकुर न करता अंडी, सोयाबीनच्या वड्या, दूध, दही सुरू केलं. पण सगळ्यात अवघड गेलं ते अकराला मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवणं, त्यावरून घरात भांडणं झाली. दोनेक महिन्यांत त्याच ७० चे पाच रेप, चारही सेट. डबा न घेता.

आता, क्रिएटिन काम करतं, ते मान्यच आहे. स्नायूत त्याचा साठा वाढला की जड सेटमध्ये एखाददुसरा रेप जास्त निघतो, आणि शाकाहारी लोकांना फरक जास्त जाणवू शकतो. पण तो जास्तीचा रेप कामी येण्यासाठी आधी पुढे नेणारा प्रोग्राम तर हवा ना! आणि सुरुवातीला किलो-दीड किलो वजन वाढतं ते बरंचसं पाणी असतं, त्याला पोरं मसल समजून खूश होतात.

भाचा आता घेतो म्हणतोय, घेऊ दे. साधं मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम, सुरुवातीला जास्त डोस घेऊन लोडिंग करायची गरज नाही, तीन-चार आठवड्यांत साठा भरतोच. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि रक्त तपासायला जाल तेव्हा घेताय ते आधी सांगा, किडनीसाठी बघतात ते क्रिएटिनिन थोडं जास्त येऊ शकतं आणि घरचे उगाच घाबरतात.