आमच्या सोसायटीचं कल्चरच असं आहे, असं कसं म्हणावं

तुमचा ऐरोलीत एक टू बीएचके रिकामा पडलाय, भाडेकरू चांगला मिळालाय, नवरा-बायको दोघं नोकरीला, डिपॉझिट तयार, आणि अचानक कळतं की मंडळी दिवा कोळीवाड्यातली आहेत आणि घरात आठवड्यातून चार दिवस मासे शिजणार. कमिटीला हे नकोय. पण "तुमच्या घरातला वास नको" असं कोणाच्या तोंडावर बोललं की माणूस मागासलेला दिसतो आणि आजकाल कोणी मोबाईलवर रेकॉर्ड पण करतं. तर टेन्शन घेऊ नका. हसतमुखाने एवढंच म्हणा की "हे बघा, चूक-बरोबर असं काही नसतं, प्रत्येक समाजाची आपली मूल्यं असतात, आमच्या सोसायटीचं कल्चर असं आहे." याला नैतिक सापेक्षतावाद म्हणतात, यावर मोठमोठ्या विद्यापीठांत वाद झालेत, आणि तुम्हाला तो मेंटेनन्समध्येच फ्री मिळतोय.

समोरचा शिकलेला निघाला आणि वाद घालायला लागला तर त्याच्यावर हेरोडोटस टाका. हा अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक इतिहासकार, त्याने पर्शियाच्या दरायस राजाची एक गोष्ट सांगितलीय. राजाने दरबारातल्या ग्रीकांना विचारलं की किती पैसे दिले तर मेलेल्या बापाचं मांस खाल? ते म्हणाले, कितीही दिलेत तरी नाही. मग त्याने अशा लोकांना बोलावलं जे मेलेल्या आईबापाला खायचे (हेरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे ते भारतातले, आता काय बोलणार) आणि त्यांना विचारलं की बापाला जाळायचे किती घ्याल? तर ते ओरडलेच, म्हणाले असलं अभद्र बोलू नका. मग हेरोडोटस म्हणतो की रूढी हीच सगळ्यांची राजा. गोष्ट इथपर्यंत सांगायची आणि लगेच पुढचं वाक्य टाकायचं, "म्हणजे बघा, कुठलीच रूढी चूक नसते."

या दोन वाक्यांच्या मधे एक खड्डा आहे, तो घोडबंदर रोडवरच्या खड्ड्यांसारखा पटकन पार करायचा, थांबायचं नाही. कारण पहिलं वाक्य लोक काय मानतात त्याबद्दल आहे आणि दुसरं काय बरोबर आहे त्याबद्दल. जेम्स रेचल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने नेमकं इथेच बोट ठेवलं होतं, की कोणी पृथ्वी सपाट मानतं आणि कोणी गोल, म्हणून पृथ्वीला आकारच नाही असं होत नाही, तसंच दोन समाजांचं पटत नाही यावरून दोघंही बरोबर हे सिद्ध होत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे कोणी जरा शांतपणे ती गोष्ट ऐकली तर त्याच्या लक्षात येईल की ग्रीक आणि ते दुसरे लोक, दोघांनाही मेलेल्या बापाचा मान राखायचा होता, फक्त मान राखायची पद्धत वेगळी होती. म्हणजे खाली मूल्य एकच निघालं! असं कोणी बोललं तर लगेच "चहा घेणार का" विचारा.

दुसरं नाव खिशात ठेवा, रूथ बेनेडिक्ट. ही मानवशास्त्रज्ञ बाई १९३४ मध्ये म्हणाली की नैतिकता म्हणजे त्या त्या समाजाने मान्य केलेल्या सवयी. बस, तुमचं काम झालं, कारण लिफ्टमधे कोणी चढायचं आणि मासे कोणी तळायचे हे सगळं सवयीतच बसतं. फक्त ती हे कधी बोलत होती ते सांगू नका. गोरे लोक बाकीच्यांना रानटी म्हणून त्यांच्यावर राज्य करत होते तो काळ होता, आणि बेनेडिक्ट किंवा तिच्या बरोबरचे लोक म्हणत होते की बाबांनो, तुमचं ते शहाणपण आणि त्यांचं ते अडाणीपण असं ठरवणारे तुम्ही कोण. १९४७ मध्ये अमेरिकन मानवशास्त्र संघटनेने युनोला कळवलं पण तेच, की मानवी हक्कांचा जाहीरनामा फक्त युरोप-अमेरिकेच्या मूल्यांवर लिहू नका. म्हणजे हा विचार ज्याच्या हातात काठी आहे त्याला गप्प करण्यासाठी होता, आणि तुम्ही तो काठी हातात धरून वापरणार आहात. चालतंय. त्या संघटनेने स्वतःच १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने ठराव केला, ते मात्र कमिटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड करू नका.

आता खरी कसोटी, आणि इथे भलेभले घसरतात. "आमचं कल्चर" म्हणताना "आमचं" म्हणजे नक्की कोण, हे कोणी विचारलं तर? भारत म्हणालात तर भारतात मांस-मासे खाणारेच जास्त. महाराष्ट्र म्हणालात तर तेच. ऐरोली म्हणालात तर मेलातच, कारण सिडको १९७० मध्ये आली, त्याच्या आधी इथे मिठागरं, भातशेती आणि खाडीतली मासेमारी होती आणि आगरी-कोळी लोकांचं जे होतं तेच इथलं कल्चर होतं. सापेक्षतावाद खरोखर पाळायचा म्हटला तर देश तसा वेश या न्यायाने तुम्हालाच बाल्कनीत बोंबील वाळत घालावे लागतील आणि सुकटीच्या वासाला नाक मुरडलंत तर तुम्ही अनैतिक ठराल. त्यात त्या मुलाची आई कमिटीसमोर आली आणि म्हणाली, "आमी हितं जाली वालत घालायचो, तवा तुमचा कल्चर कंच्या माल्यावर होता?" तर काय उत्तर देणार?

म्हणून टीप अशी की वर्तुळ हळूहळू लहान करत न्या. देश नको, राज्य नको, नोड नको, सेक्टर पण नको, सोसायटी घ्या. सोसायटीत पण गडबड असेल, म्हणजे ए विंगमधले लोक रविवारी मटणाची पिशवी लपवून आणत असतील, तर बी विंगचं कल्चर म्हणा. थांबायचं कुठे ते सोपं आहे, जिथे तुमचं बहुमत होतं तिथे. कल्चरची हद्द आखण्याचा दुसरा कुठलाच नियम सापेक्षतावादात दिलेला नाही, ती त्याची जुनी दुखती जागा आहे, आणि माणूस एकाच वेळी पाच-सहा समाजांत असतो हे पण गैरसोयीचंच. आपले सेक्रेटरी काकाच बघा, बिल्डिंगमधे शुद्ध शाकाहारी आणि अलिबागला पापलेट. दोन्हीकडे त्या त्या वर्तुळात ते नैतिकच आहेत, हे त्यांना सांगा, बरं वाटेल.

एक सावधगिरी. "प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून कोणी कोणाच्यात ढवळाढवळ करू नये" हे वाक्य फार गोड वाटतं पण दुसऱ्यांदा उच्चारू नका. बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९७२ मध्ये याला नीतिशास्त्रातला कदाचित सगळ्यात हास्यास्पद विचार म्हटलंय. कारण वाक्याचा पहिला अर्धा भाग म्हणतो की सगळ्यांना लागू होईल असं बरोबर-चूक नसतंच, आणि दुसऱ्या अर्ध्यात तुम्ही "कोणी करू नये" असा सगळ्यांना लागू होणारा नियम घालून मोकळे होता. उद्या तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या की आमच्या घराण्याचं कल्चरच दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायचं आहे, तर तुम्ही त्यांना कशाच्या आधारावर थांबवणार? सहनशीलता पण शेवटी एखाद्या समाजाचंच मूल्य झालं ना.

महाडचा विषय तर निघूच देऊ नका. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. नगरपालिकेने तळं १९२४ मध्येच सगळ्यांना खुलं केलं होतं, पण गावाचं कल्चर काय होतं तर अस्पृश्यांनी पाणी घ्यायचं नाही, आणि त्या दिवसानंतर तळ्याचं शुद्धीकरण पण करण्यात आलं. आता "समाज मानेल ते बरोबर" हे सूत्र इथे लावा. पाणी पिणारे चूक निघतात आणि शुद्धीकरण करणारे बरोबर, आणि नंतर समाजाचं मत बदललं की उत्तर उलटं होतं. सुधारक नावाचा माणूस या सूत्रात त्याच्या हयातीत कायम चूकच असतो, मग ते आगरकर असोत की फुले. आणि समाज सुधारला असं सुद्धा म्हणता येत नाही, फक्त बदलला असं म्हणता येतं. चौदा एप्रिलला सोसायटीच्या गेटवर अभिवादनाचा फ्लेक्स तुम्हीच लावता, त्यामुळे हे कोणी काढलं तर "तो वेगळा विषय आहे" म्हणून अजेंड्यावरचा पुढचा मुद्दा घ्या, पार्किंगचा घ्या, त्यात सगळे रमतात.

काही गोष्टी खरंच सापेक्ष असतात, ते मी नाकारत नाही. चप्पल दाराबाहेर काढायची की नाही, हाताने जेवायचं की चमच्याने, मोठ्यांच्या पाया पडायचं की हात मिळवायचा, यात एकाचं बरोबर म्हणून दुसऱ्याचं चूक होत नाही, आणि वरणभात खाणारा जास्त सुसंस्कृत असं जगाला सांगत फिरणारा माणूस पण स्वतःच्या ताटालाच वैश्विक मूल्य म्हणत असतो. तुमचं कौशल्य हे की भाडेकरू नाकारणं आणि कामवाल्या मावशींना सर्व्हिस लिफ्टने पाठवणं हे पण हळूच चपलांच्या रांगेत नेऊन ठेवायचं. दोन्हीतला फरक ओळखायला एक प्रश्न असतो की या रूढीचा त्रास कोणाला होतो, ती ठरवताना त्याला कोणी विचारलं होतं का, आणि नको असेल तर त्याला निघून जाता येतं का. चप्पल काढणाऱ्या पाहुण्याला घरी परतल्यावर काही फरक पडत नाही, मावशींना मात्र बाराव्या मजल्यावर रोज जायचंच आहे आणि एजीएममधे त्यांना मत नाही. हा प्रश्न एजीएममधे विचारला जाणार नाही याची जबाबदारी सेक्रेटरींवर टाका.

आणि "मानवी हक्क वगैरे पाश्चात्यांचं फॅड आहे" हे वाक्य वापरायचं तर आधी आजूबाजूला कोणी वाचणारं नाही ना ते बघा. १९४८ चा जाहीरनामा ज्या आयोगाने तयार केला त्यात भारताच्या हंसा मेहता होत्या. मतदानात अठ्ठेचाळीस देश बाजूने, विरोधात एकही नाही, आठ तटस्थ. त्या आठांत दक्षिण आफ्रिका होती, जिथे त्याच वर्षी वर्णद्वेषी सरकार निवडून आलं होतं. त्यांचं पण म्हणणं थोडक्यात हेच, आमच्याकडचं वेगळं आहे.

शेवटी इमर्जन्सीची सोय. समजा तुमचा भाचा इंग्लंडला शिकायला गेला आणि तिथल्या घरमालकाने सांगितलं की तुम्हा लोकांच्या फोडणीचा वास भिंतीत बसतो, घर देणार नाही. कल्पना नाहीये ही, केंटमधल्या एका बड्या घरमालकाने करीच्या वासाचं कारण देऊन आपल्यासारख्यांना घर नाकारायचं धोरण ठेवलं होतं आणि २०१७ मध्ये कोर्टाने ते बेकायदा ठरवलं. अशा वेळी ताबडतोब सापेक्षतावाद खाली ठेवा. भाच्याला सांगा की हा भेदभाव आहे, माणूस सगळीकडे सारखाच, तिथे २०१० चा इक्वॅलिटी अ‍ॅक्ट आहे, तक्रार कर, मागे हटू नकोस. जितकं तळमळीने सांगता येईल तितकं सांगा, फॅमिली ग्रुपवर मोठा मेसेज टाका. मग कमिटीच्या ग्रुपवर येऊन त्या कोळीवाड्यातल्या मुलाच्या एनओसीला नकार कळवा, फक्त दोन्ही मेसेज टाईप करताना वर ग्रुपचं नाव एकदा बघून घ्या.