आठ माग, एकसष्ट लाख आणि शिलाईची तीन मशीन

«आठ रॅपिअर माग टाका. एक माग दिवसाला २१३ टॉवेल काढतो, म्हणजे रोज १,७००. भाव १२० रुपये. महिन्याला ६१ लाखांची विक्री कुठेच गेली नाही. गिऱ्हाईक भरपूर आहे, मालच कमी पडतो. उलाढाल दुप्पट हवी तर माग दुप्पट करा. माग एक मिनिट थांबू देऊ नका आणि होईल तेवढा भारी माल विणा.»

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चौघांनी पाठवला. त्यातले दोघे सोलापुरात अक्कलकोट रोडवर शेड शोधतायत. कारखान्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट करणं हे माझं रोजचं काम, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी २१३ बघू. गणित म्हणून तो आकडा बरोबर आहे. टॉवेल ३० बाय ६० इंची, इंचाला ४५ पिक, पिक म्हणजे आडवा धागा, तर एका लांबीला २,७०० पिक. माग मिनिटाला २०० पिक मारतो, तर साडेतेरा मिनिटं लागली. रुंद मागावर शेजारी-शेजारी दोन टॉवेल निघतात. चोवीस तासांना साडेतेरा मिनिटांनी भागा, दोनानं गुणा, २१३ येतात. पण यात माग चोवीस तास चालतो, महिन्याचे तीसही दिवस चालतो आणि एकदाही धागा तुटत नाही.

आपल्याकडं आठवड्याची सुट्टी धरून २६ दिवस मिळतात. नव्या माणसाला रात्रपाळीला विणकर मिळणं अवघड, म्हणून मी पहिल्या वर्षी आठ-आठ तासांच्या दोनच पाळ्या धरतो. झाले ४१६ तास. मेसेजवाल्यानं ७२० धरलेत.

या ४१६ तासांतही माग सलग चालत नाही. टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन रूळ असतात, त्यांना बीम म्हणतात. एक जमिनीचा, म्हणजे खालच्या साध्या कापडाचा, आणि एक वरच्या लूपचा. लूप उभा राहायचा तर त्याचा धागा जास्त लागतो, एक मीटर कापडाला साधारण चार मीटर. त्यामुळं दोन्ही बीमांवर १,२०० मीटर ताणा असेल तर जमिनीचा बीम १,२०० मीटर कापडाला पुरतो आणि लूपचा ३०० मीटरला. दोन पाळ्यांत मागावर ऐंशी मीटरच्या आसपास कापड निघतं. म्हणजे चौथ्या दिवशी लूपचा बीम संपला. आठ मागांवर मिळून रोज दोन बीम बदलायचे. नव्या बीमचे धागे जुन्याच्या टोकांना जोडायचे, ती सांधणी. एका सांधणीला तीन तास धरा. सांधणीवाला एकच असेल आणि दोन माग एकाच वेळी रिकामे झाले, तर दुसरा माग पहिल्याची सांधणी होईपर्यंत उभा. ही वाट पाहण्याची वेळ कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिलेली नसते. धागा तुटणं, वीज जाणं, डिझाईन बदलणं हे सगळं धरून मी ७५ टक्के चाल धरतो. माग नीट चालता ठेवणारा चांगला जॉबर असेल तर जास्त मिळते, पण तो मिळेल असं धरून कर्ज काढू नये.

आता पुन्हा मांडा. ४१६ तासांचे ७५ टक्के म्हणजे एका मागाची १८,७२० मिनिटं. साडेतेरानं भागून दोनानं गुणलं की २,७७३ टॉवेल, आठ मागांचे २२,१८० च्या घरात. कटिंगला चार टक्के सेकंड, म्हणजे दोष असलेला माल, निघाला की चांगला माल २१,३०० राहतो. १२० च्या भावानं साडेपंचवीस लाख. सेकंडचे पन्नास हजार सुटतील. कुठे एकसष्ट आणि कुठे सव्वीस! गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी त्याला न विणलेला टॉवेल विकता येत नाही. विक्रीचा रकाना मागणीवरून भरायचा आणि उत्पादनाचा मशीनच्या कॅटलॉगवरून, ही चूक मी पदवीधर मुलांच्या रिपोर्टमध्येही पाहतो.

माग दुप्पट करण्याचा सल्ला तर त्याहून महाग पडतो. मागावरून उतरलेला रोल कटिंगला जातो आणि तिथून शिलाईला. समजा शिलाईची तीन मशीन आहेत, ती एकाच पाळीत चालतात आणि एका मशीनवर पाळीला २५० टॉवेल होतात. रोजचे ७५०, महिन्याचे १९,५००. माग २१,३०० देतायत, पण दुकानात १९,५०० च जाणार. विक्री झाली २३ लाख ४० हजार. अशा कारखान्यात सोळा माग टाकले तरी विक्री तेवढीच राहते, फक्त हप्ता वाढतो. चौथं शिलाई मशीन आणि त्यावर एक कारागीर आला की महिन्याला १,८०० टॉवेल जास्त सुटतात. सूत, रंगणी, पॅकिंगचे ८५ रुपये वजा जाता टॉवेलमागे ३५ उरतात असं धरलं, तर ६३,००० रुपये. त्यातून कारागिराची मजुरी गेली तरी बरंच उरतं. पाचवं मशीन मात्र बसून राहील, कारण आता अडसर पुन्हा मागाकडं सरकला.

माग थांबू न देण्याचं तसंच आहे. शिलाई अडलेली असताना माग चालवत राहिलं की वर्दळ छान दिसते, मालकाला बरं वाटतं. पण दर महिन्याला १,८०० टॉवेलांचं कापड कोपऱ्यात रचलं जातं आणि ८५ च्या हिशोबानं दीड लाख रुपये त्यात अडकतात. सूतवाल्याची उधारी मात्र थांबत नाही. शिलाईपुढं रोलांची थप्पी महिन्यागणिक वाढत असेल तर अडसर शिलाईत आहे. शिलाईवाल्या बायका कापडाची वाट बघत बसत असतील तर तो मागात आहे. एवढं कळायला शेडमध्ये दहा मिनिटं उभं राहिलं तरी पुरतं.

राहिला भारी माल. इंचाला ६० पिकचा टॉवेल १५० ला जातो आणि त्यात ४५ रुपये उरतात असं समजू. साध्यात ३५. वरवर बघता भारीच विणावा. पण त्याला साडेतेराऐवजी अठरा मिनिटं लागतात, म्हणून त्याच आठ मागांवर महिन्याला १६,००० च्या आतच चांगले टॉवेल निघतात. त्यातून ७ लाख १९ हजार उरतात. शिलाईची तीन मशीन असतील तर साध्या टॉवेलात १९,५०० वर ६ लाख ८२ हजारच उरतात, म्हणजे भारी माल बरा. चौथं मशीन आलं की साध्यात २१,३०० वर ७ लाख ४५ हजार उरतात आणि साधा माल पुढं जातो. टॉवेल तेच, भाव तेच, पण एक शिलाई मशीन आलं आणि उत्तर उलटलं.

ज्यांचे माग आधीच चालू आहेत त्यांनी माझे ७५ टक्के मानू नयेत. मागावरचा पिक काउंटर एक तारखेला आणि महिनाअखेरीला वाचा. ४१६ तास न थांबता चालला असता तर एका मागावर ४९ लाख ९२ हजार पिक पडले असते. ७५ टक्क्यांना ३७ लाख ४४ हजार. एका ओळखीच्या कारखानदारानं असं वाचलं, तर सात माग ३७ लाखांच्या आसपास आणि आठवा २९ वर. माग नवाच होता. तो शेडच्या टोकाला, सांधणीवाला ज्या बाजूनं काम सुरू करायचा त्याच्या उलट कोपऱ्यात होता, आणि दर वेळी त्याचा नंबर शेवटी लागत होता.