नोंदणी फॉर्मवर नुसतं 'चक्कर' छापू नका

दवाखान्याचा नोंदणी फॉर्म मराठीत करताना बहुतेक वेळा कोश उघडला जातो आणि शिरोभ्रमण, श्वसनकष्ट, मलावरोध असे शब्द छापले जातात. पेशंटला ते कळत नाहीत, तो ओळ कोरी सोडतो, आणि कोरी ओळ म्हणजे त्रास नाही असं वाचलं जातं. ही चूक निदान नजरेला येते. जास्त नुकसान करतो तो शब्द सगळ्यांना कळणारा असतो, पण एकाच वेळी चार त्रासांना लागू पडतो. 'चक्कर' हा तसा शब्द आहे.

'चक्कर येते' म्हणणाऱ्याला नेमकं काय होतं, हे सांगायला बोलीत वेगवेगळे शब्द आहेतच. घर फिरल्यासारखं वाटलं तर माणूस 'गरगरतं' म्हणतो. शुद्ध जाईलसं वाटलं तर 'घेरी आली', 'भोवळ आली' किंवा 'डोळ्यांपुढे अंधारी आली'. डोकं ठीक असूनही चालताना पाय वाकडे पडत असतील तर 'तोल जातो'. तपासणाऱ्याला हाच फरक हवा असतो, आणि आपण छापील फॉर्मवर तो पुसून टाकतो.

समजा, साठी ओलांडलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या एका काकूंनी 'चक्कर' वर खूण केली. यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी त्यांनी 'अंथरुणात कूस बदलली की गरगरतं' ही ओळ निवडली आणि पुढे 'एका मिनिटाच्या आत थांबतं' अशी खूण केली, तर पहिला संशय आतल्या कानावर जातो. तिथले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की असं होतं, आणि डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते परत जागेवर आणता येतात. पण खूण 'उठून उभं राहिलं की अंधारी येते' वर असेल, तर आधी आडवं झोपवून आणि मग उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजायचा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर गोळ्यांचा डोस, शरीरातलं पाणी कमी होणं, अशा कारणांकडे बघावं लागतं. पेशंट तीच आणि तक्रारीचा शब्दही तोच, पण तपासणीची वाट पूर्ण वेगळी.

म्हणून माझं म्हणणं आहे की लक्षण नामात छापू नये, क्रियापदासकट आणि प्रसंगासकट छापावं. चक्करच्या एका चौकोनाऐवजी एवढं पुरे:

कूस बदलली किंवा मान वर केली की गरगरतं
उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते
चालताना तोल जातो
शुद्ध हरपून पडलो / पडले
किती वेळ राहतं: एका मिनिटाच्या आत / काही मिनिटं / तासन्‌तास

याच्यावर ठळक अक्षरांत एक सूचना हवी: अचानक तोल गेला आणि सोबत बोलणं अडखळतंय, एक हात-पाय लुळा पडलाय किंवा एकाचे दोन दिसताहेत, तर फॉर्म भरत बसू नका, लगेच काउंटरवर सांगा.

काउंटरवर तोंडी ऐकून फॉर्म भरला जातो तिथे आणखी एक धोका आहे. 'झीट आली' म्हणजे घेरी आली, आणि 'फीट आली' म्हणजे आकडी आली. गर्दीत हे दोन्ही सारखेच ऐकू येतात. भरणाऱ्याने शब्दावर न थांबता 'हात-पाय झटकले का, जीभ चावली गेली का' हे सोबत आलेल्या माणसाला विचारावं.

'पित्त' हा शब्द तर चौकोनासमोर नकोच. जळजळ, मळमळ, पित्ताने चढलेली डोकेदुखी आणि अंगावर उठलेल्या खाजऱ्या गांधी या सगळ्यांना लोक पित्तच म्हणतात. छातीतली जळजळ हृदयाची असली तरी 'पित्त झालंय' म्हणून घरीच गोळी घेतली जाते. तिथे 'छातीत जळजळ किंवा दडपण' आणि 'घाम, जबड्यात किंवा हातात कळ' हे शेजारी-शेजारी असू द्या.

एक बारीक गोष्ट वाक्यरचनेची. 'झोप येत नाही? हो / नाही' असं छापलं की उत्तर निकामी होतं, कारण मराठीत 'हो, येत नाही' आणि 'नाही, येत नाही' ही दोन्ही उत्तरं बरोबर असतात. 'झोप नीट लागते का?' असं सरळ विचारा.

फॉर्म छापण्याआधी वेगवेगळ्या वयाच्या पाच-सहा जणांना प्रत्येक ओळ वाचायला द्या आणि 'यात काय विचारलंय ते तुमच्या शब्दांत सांगा' म्हणा. 'कळलं का?' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. विदर्भात किंवा कोकणात फॉर्म वापरायचा असेल तर तिथल्याच माणसांना विचारा, आणि ते जो शब्द वापरतील तो तिरप्या रेघेपुढे त्याच ओळीत घाला.